गौरी विसर्जनाच्या घाटासाठी माणसं जमवताना

पुण्यातल्या राजाराम पुलाजवळच्या विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करून वेगळं करायचं काम कर्वेनगरमधला आमचा गट बरीच वर्षं करतो आहे. हौद, जीवरक्षक, गाड्या हे सगळं महापालिकेचं असतं. आमच्याकडे असतं ते निर्माल्याचं टेबल. घरातून आलेली पिशवी तिथे उघडायची, हार-फुलं-पत्री एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, नारळ-फळं एकीकडे, आणि फुलांची पोती खताकडे पाठवायची. २०२५ च्या गणपतीत या कामाला माणसं जमवायची जबाबदारी माझ्याकडे आली. ती कशी पार पडली ते सविस्तर लिहिते आहे, कारण प्रत्येक सोसायटीत आणि मंडळात कोणाला तरी असा मेसेज लिहावा लागतोच.

आमच्याकडे दरवर्षी एकच मजकूर फिरायचा. “सर्व सदस्यांनी विसर्जनाच्या दिवशी जास्तीत जास्त संख्येने घाटावर उपस्थित राहून निर्माल्य संकलन उपक्रमास सहकार्य करावे, ही नम्र विनंती.” खाली हात जोडलेल्यांची रांग लागायची. लोक यायचेही, पण आपापल्या सोयीने. संध्याकाळी सहाच्या सुमारास टेबलाभोवती गर्दी असायची, त्यातल्या अर्ध्यांच्या हाताला काम नसायचं. साडेसात वाजता, जेव्हा खरी रांग लागते, तेव्हा बहुतेक जण स्वतःच्या घरच्या आरतीला परतलेले असायचे. दुपारी तर कोणीच नाही. टेबल रिकामं दिसलं की घरची मंडळी पिशवी तशीच कठड्याशी ठेवून जातात, आणि तिच्यावर पुढची दहा घरं आपल्या पिशव्या ठेवतात. एकदा असा ढीग झाला की त्यातलं काही वेगळं होत नाही, कारण खालच्या पिशव्या फुटून फुलं, उदबत्तीची राख आणि प्लास्टिक एकजीव झालेलं असतं.

म्हणून मेसेज लिहिण्याआधी मी मोजायला गेले. २८ ऑगस्टला दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. वही घेऊन घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि दर पाव तासाला किती घरं येतात त्याच्या रेघा मारत गेले. दुपारपर्यंत तुरळक. चारनंतर वाढ. सात ते साडेआठ या वेळात तासाला पंचाहत्तरच्या आसपास घरं. नंतर गर्दी झपाट्याने ओसरली. यावरून गौरीच्या दिवसाचा अंदाज बांधता येतो, पण दोन फरक धरावे लागतात. गौरी मूळ नक्षत्रावर बोळवतात, त्यामुळे मूळ कधी संपतं हे पंचांगात पाहून लोक निघतात. ते लवकर संपत असेल तर गर्दी दुपारकडे सरकते, रात्रीपर्यंत असेल तर ऑफिसहून येऊन सावकाश निघतात. दुसरं म्हणजे गौरीच्या घरची पिशवी मोठी असते. दोघींचे हार, शेवंतीच्या वेण्या, केवडा, पत्री, ओटीचं सामान, फुलोऱ्यातलं काहीबाही, आणि वर गणपतीचं निर्माल्य.

पिशवीला किती वेळ लागतो, हेही पाहिलं. नुसती फुलं असतील तर मिनिटभर. पण हार आले की दोरा काढावा लागतो, आणि सगळा वेळ तिथे जातो. हार हल्ली बऱ्याचदा नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असतात. हा दोरा कुजत नाही. खतासाठी फुलं बारीक करणाऱ्या यंत्रात गेला तर पात्यांच्या दांड्याला गुंडाळून बसतो आणि यंत्र बंद पाडतो. दूर्वांच्या जुड्यांना रबर असतात, वेण्यांत टाचण्या आणि प्लास्टिकचे मोती असतात, हाराच्या लटकनाला चमकीचा कागद असतो. गौरीची पिशवी नीट करायला एका माणसाला सरासरी चार मिनिटं धरली. म्हणजे एक जण तासाला पंधरा पिशव्या करतो, आणि पंचाहत्तर पिशव्यांना पाच जण लागतात. स्वागताला दोघं, पोती बांधायला आणि उचलायला दोघं, सगळ्यांवर नजर ठेवायला एक शिफ्टप्रमुख. रात्रीच्या शिफ्टला दहा जण, हा आकडा असा आला. चार ते सात या वेळेला सहा पुरेसे होते. सकाळी-दुपारी खरं तर एकानेही भागलं असतं, पण टेबलावर एकटं माणूस ठेवायचं नाही हे मी ठरवलं होतं. पाणी प्यायला गेलं तरी टेबल उघडं पडतं. म्हणून तिथे तीन.

शिफ्ट तीन तासांची ठेवली. घाटावर सावली कमी, जमीन ओली, वाकून काम. तीन तासांनंतर लोकांच्या हातून दोरे निसटायला लागतात. दोन शिफ्टच्या मध्ये अर्धा तास दोन्ही गट एकत्र राहतील अशी वेळ लावली, कारण नव्याने आलेल्याला कुठलं पोतं कशाचं हे शेजारी बसून पाहिल्यावरच कळतं. शिवाय संध्याकाळचा हा अर्धा तास साडेसहा ते सातमध्ये पडत होता, गर्दी चढण्याच्या आधी.

२९ तारखेला सकाळी मेसेज पाठवला. तो इथे जसाच्या तसा देते, फक्त फोन नंबर गाळून.

“गौरी-गणपती विसर्जन, मंगळवार, २ सप्टेंबर २०२५
राजाराम पुलाजवळचा विसर्जन घाट, निर्माल्याचं टेबल

निर्माल्य वेगळं करायला २२ जण हवे आहेत. प्रत्येकाने एकच शिफ्ट घ्यायची, तीन तासांची.

शिफ्ट १ : सकाळी ११ ते दुपारी २, ३ जण
शिफ्ट २ : दुपारी १.३० ते ४.३०, ३ जण
शिफ्ट ३ : दुपारी ४ ते संध्याकाळी ७, ६ जण
शिफ्ट ४ : संध्याकाळी ६.३० ते रात्री ९.३०, १० जण

स्वागत : घाटाच्या तोंडाशी उभं राहून लोकांना टेबल दाखवायचं. बोलायची आवड असेल तर हे घ्या.
वर्गीकरण : टेबलाशी बसून हारांतले दोरे, टाचण्या, प्लास्टिक काढायचं. खुर्ची, कात्री, हातमोजे आम्ही देऊ.
पोती : भरलेली पोती बांधून गाडीपर्यंत न्यायची. एक पोतं दहा-बारा किलोचं होतं. पाठीचा, गुडघ्याचा त्रास असेल तर हे काम घेऊ नका.

पाण्यात कोणीही उतरायचं नाही. मूर्ती उचलायच्या नाहीत. ते काम जीवरक्षक आणि महापालिकेचे कर्मचारी करतात. १८ वर्षांखालच्या मुलांनी पालकांसोबतच यावं, त्यांना वर्गीकरणाचं काम मिळेल.

नाव देण्यासाठी मला वेगळा मेसेज करा : शिफ्टचा आकडा, काम आणि तुमचं नाव, एवढंच. व्हॉट्सॲप नसेल तर रात्री ८ ते ९ मध्ये फोन करा. माझं ‘नोंद झाली’ असं उत्तर आलं की नाव पक्कं. ग्रुपवर दिलेलं नाव धरलं जाणार नाही.

मुदत : रविवार, ३१ ऑगस्ट, रात्री ९. त्यानंतर हा मेसेज पुढे पाठवू नका.

खडकवासल्यातून पाण्याचा विसर्ग वाढला तर टेबल घाटावर न लावता वर रस्त्यालगत लावू. ते सोमवारी रात्री नोंद झालेल्यांना कळवू.”

यातल्या काही ओळींवर आमच्या गटात चर्चा झाली. ‘ग्रुपवर दिलेलं नाव धरलं जाणार नाही’ हे एका काकांना फार कडक वाटलं. “अहो, लोक आपणहून येतायत, त्यांना असं कसं म्हणायचं?” मी त्यांना गेल्या वर्षीचा ग्रुप उघडून दाखवला. एकाने ‘मी आहे’ लिहिलं की खाली दहा अंगठे येतात. पाहणाऱ्याला वाटतं भरपूर जण आहेत. आणि ‘मी आहे’ म्हणणारा नक्की कधी आहे, कशाला आहे, हे कोणालाच कळत नाही. मला वेगळा मेसेज करताना माणसाला एक आकडा लिहावा लागतो, आणि तो लिहिण्यासाठी आपली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी लागते. ज्याला ते जमत नाही तो मेसेज करत नाही. आधीच कळलेलं ते बरं. काकांनी शेवटी ओळ राहू दिली आणि स्वतःचं नाव ‘३ स्वागत’ असं पाठवलं.

फॉर्म भरून घेऊ या, असं तरुण मंडळींचं म्हणणं होतं. आधीच्या एका वर्षी गूगल फॉर्म केला होता. त्यात पत्ता, वय, रक्तगट, टी-शर्टचा साइझ असे रकाने होते. आमच्या टेबलावर सर्वांत भरवशाची माणसं म्हणजे निवृत्त झालेले आजी-आजोबा, आणि ते त्या फॉर्ममध्ये अडकले होते. बावीस जणांची यादी वहीच्या एका पानावर मावते. शंभर जण असते आणि तीन घाट असते तर मीही फॉर्मच केला असता. दुसरं एक कारण होतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. हे मेसेज पुढे पुढे जात कुठेही पोचतात. ग्रुपवर यादी वाढवत नेली की नाव आणि नंबर दोन्ही फिरतात, आणि मुलींना नंतर अनोळखी लोकांचे फोन येतात. म्हणून मी रोज रात्री ग्रुपवर फक्त रिकाम्या जागा टाकायचे. “शिफ्ट १ : २ हवेत. शिफ्ट २ : ३ हवेत.” नावं माझ्या वहीत.

‘त्यानंतर पुढे पाठवू नका’ आणि पहिल्याच ओळीत वार, तारीख, साल, हेही याच कारणाने. साल नसलेला मेसेज पुढच्या गणपतीतही जिवंत होतो.

शनिवारी रात्रीपर्यंत चौथी शिफ्ट भरून वाहत होती, तिसरी जवळजवळ पूर्ण, आणि पहिली-दुसरी रिकामी. मंगळवार कामाचा दिवस, त्यामुळे हिंजवडीला जाणारी मंडळी सातच्या आत येऊ शकत नव्हती. पण मुख्य अडचण वेगळी होती. दुपारी मोकळ्या असणाऱ्या आमच्या बायका गौरी विसर्जनाच्या दिवशी मोकळ्या नसतात. घरी उत्तरपूजा, दहीभाताचा नैवेद्य, हळदीकुंकवाला येणाऱ्या, मग मुखवटे, दागिने, साड्या नीट बांधून ठेवणं. त्यांना घाटावर या म्हणणंच बरोबर नव्हतं. मग मी दुसरा मेसेज लिहिला, दोनच ओळींचा, आणि तो सगळ्यांना पाठवला नाही. “तुमच्याकडे गौरी नसतात, किंवा तुमचा गणपती दीड दिवसाचा असतो. मंगळवारी सकाळी ११ ते २ किंवा १.३० ते ४.३० मध्ये टेबलावर बसाल का? सावलीत खुर्ची असेल, काम दोरे काढण्याचं आहे.” ज्यांच्याकडे गौरी नसतात अशी घरं आम्हाला माहीत होती, सवाष्ण म्हणून जेवायला कोण कोणाकडे जातं त्यावरून गल्लीत हे कळतंच. बागेतल्या हास्यक्लबमधल्या दोन आजोबांनाही फोन केला. त्याच दिवशी पाच जागा भरल्या. सहावी एका ताईंनी घेतली. त्यांच्याकडे त्या वर्षी सुतक होतं, म्हणून गौरी बसल्या नव्हत्या. त्यांनी फोन करून हळूच विचारलं, “मी हात लावला तर चालेल ना?” तसाच प्रश्न दोघी मुलींनी वेगळ्या कारणाने विचारला होता. मी तिघींना एकच सांगितलं की निर्माल्याच्या टेबलावर कसलीही अट नाही, शिफ्ट सांगा. त्यानंतर रिकाम्या जागांच्या मेसेजमध्ये ‘कोणीही येऊ शकतं’ एवढे शब्द मी रोज लिहीत गेले.

चौथ्या शिफ्टला दहा हवे होते आणि नावं वीसच्या वर आली होती. सगळ्यांना हो म्हणणं सोपं होतं. पण ज्याला बोलावलं आणि काम दिलं नाही तो पुढच्या वर्षी येत नाही. संध्याकाळच्या शिफ्टला नाव दिलेल्या चारांतला एक तरी ऐन वेळी अडकतो, हे गटाच्या जुन्या नोंदींवरून ठाऊक होतं. ट्रॅफिक, पाहुणे, ऑफिसचा कॉल. म्हणून दहाच्या जागी तेरा जणांना ‘नोंद झाली’ पाठवलं. उरलेल्यांना लिहिलं, “मंगळवारची रात्रीची शिफ्ट भरली. शनिवारी, ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला दिवसभर लोक लागणार आहेत. तुमचं नाव तिथे धरू का?” बहुतेकांनी हो म्हटलं.

त्या तेरांत पाच जण एका कॉलेजच्या एनएसएसचे होते. एनएसएसच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं, त्यामुळे त्यांना तासांची नोंद आणि सही हवी असते. त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र ऑगस्टच्या सुरुवातीलाच दिलं होतं, कारण कॉलेजची परवानगी दोन दिवसांत मिळत नाही. एक गोष्ट मात्र मी सरांना सांगितली. पाचही जणांना एकाच कामावर ठेवणार नाही. मित्र एकत्र येतात तसे एकत्रच निघतात, आणि टेबल एका क्षणात रिकामं होतं. दोघं वर्गीकरणाला, दोघं पोत्यांना, एक जण स्वागताला. सही शिफ्ट संपल्यावर, साडेनऊला. एका मुलीने विचारलं, “ताई, लवकर आले तर लवकर सही मिळेल?” मी म्हटलं, लवकर आलीस तर तिसऱ्या शिफ्टला बस, तेही तीन तासच आहेत. तिने नाव तिसऱ्याला बदलून घेतलं.

सोमवारी रात्री नोंद झालेल्या प्रत्येकाला वेगळा मेसेज केला. यात नवं काही मागायचं नसतं, फक्त त्या माणसाला उद्या लागणाऱ्या गोष्टी. “उद्या, मंगळवार. तुमची शिफ्ट ४, संध्याकाळी ६.३० ते ९.३०. काम : पोती. पुलाच्या बाजूने उतरलं की डावीकडे केशरी ताडपत्री. तिथे शिफ्टप्रमुख भेटतील. जुने सुती कपडे, घसरणार नाहीत अशा चपला किंवा बूट, पाण्याची बाटली. अंगठी-घड्याळ घरी ठेवा. येणं जमत नसेल तर आत्ताच कळवा, राग नाही.” शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम घातले. लोक येत नाहीत त्यापेक्षा ‘येत नाही’ हे सांगायला संकोचतात, आणि आपल्याला कळतं ते सात वाजता. त्या रात्री तिघांनी नाही कळवलं, आणि त्यांच्या जागी कोणाला बोलवायचं ते मला घरी बसून ठरवता आलं.

मंगळवारी सकाळी शिफ्टप्रमुखांच्या हातात एक-एक कागद दिला. त्या शिफ्टची नावं, कोणाचं काय काम, आणि खाली चार ओळी. त्यातली पहिली ओळ रुईची. पत्रीत रुई, धोतरा, कण्हेर ही पानं असतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर चुरचुरतो आणि सुजतो, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय पत्रीला हात नाही, आणि मोजे घातलेला हात चेहऱ्याला लावायचा नाही. दुसरी ओळ गाईंची. दुपारी एखादा तरी माणूस “गाईला घालतो” म्हणून फुलांचं पोतं मागतो. द्यायचं नाही, कारण कण्हेर आणि धोतरा दोन्ही विषारी आहेत आणि ढिगातून ते निवडून काढता येत नाहीत. तिसरी ओळ जुन्या तसबिरींची. विसर्जनाच्या दिवशी लोक काच फुटलेले देवांचे फोटो, जुन्या पोथ्या, भंगलेल्या मूर्ती घेऊन येतात. नाही म्हटलं तर ते कठड्यावर ठेवून जातात आणि काच पायाखाली येते. त्यासाठी वेगळा खोका ठेवला होता. चौथी ओळ एवढीच, की पिशवी घेताना दोन्ही हातांनी घ्यायची आणि घरची मंडळी दृष्टीआड झाल्यावरच उघडायची. त्यांच्यासमोर कात्री लावली की काहींना ते सहन होत नाही, आणि पिशवी परत मागून घेतात.

दुपारच्या शिफ्टमध्ये हास्यक्लबच्या आजोबांनी एक बदल केला, तो मला फार उपयोगी वाटला. ते म्हणाले, “दोरा ओढून काढायचा नाही. गाठ शोधायची, तिथे कापायचं, आणि दोरा एका टोकाने धरून हार झटकायचा. फुलं आपोआप गळतात.” चार मिनिटांची पिशवी अडीच मिनिटांवर आली. मी ते लगेच तिसऱ्या आणि चौथ्या शिफ्टच्या लोकांना मेसेज करून कळवलं. रात्री साडेसातला रांग लागली तेव्हा टेबलाशी पाच जण होते आणि ढीग झाला नाही. तेरांपैकी दोघं आले नाहीत, म्हणजे हवे त्याहून एक जास्तच होता. त्याला आम्ही रांगेतल्या लोकांकडे पाठवलं, पिशवीतून नारळ आणि फळं आधीच बाजूला काढून घ्यायला. नारळ पोत्यात गेला की पोतं उचलणाऱ्याच्या पाठीवर येतो, आणि खतातही लवकर कुजत नाही.

साडेआठच्या सुमारास पाऊस आला. फुलांची पोती भिजली की वजन वाढतं आणि आतून तापायला लागतात, त्यामुळे अर्धी भरल्यावरच बांधायला सांगितलं. पोती उचलणारे दोघं कमी पडायला लागले, तेव्हा स्वागताच्या मुलाला तिकडे वळवलं. स्वागताची गरज तोवर संपली होती. पावसात लोक थांबत नाहीत, थेट टेबलाकडे येतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आभाराचा मेसेज गेला. त्यात किती पोती फुलं खताकडे गेली, किती पोती प्लास्टिक वेगळं निघालं, आणि एनएसएसच्या मुलांसाठी तासांचं पत्र कधी मिळेल, एवढंच लिहिलं. त्याखाली लगेच अनंत चतुर्दशीची मागणी जोडली. त्या दिवसाचा मेसेज मात्र नव्याने लिहावा लागला. शनिवार सुट्टीचा, घरगुती विसर्जन सकाळपासूनच सुरू होतं, कारण पुष्कळांना दुपारनंतर मिरवणूक पाहायला जायचं असतं. म्हणून पहिली शिफ्ट आठला लावली आणि तिला सहा जण मागितले. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता त्या दिवशी मिरवणुकीमुळे बंद असतात, तेव्हा पेठांत राहणाऱ्यांना दुपारनंतरची शिफ्ट दिली तर ते पोचू शकत नाहीत. त्यांना सकाळची आठ ते अकरा दिली. दुपारपासून रात्रीपर्यंतच्या शिफ्ट कर्वेनगर, वारजे, हिंगणे, विठ्ठलवाडी इथल्यांसाठी राखून ठेवल्या आणि मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. वर्गीकरणाच्या ओळीत एक वाक्य वाढवलं : “हार गाठीपाशी कापून झटकायचा, कसं ते टेबलावर दाखवू.” गुरुवारी रात्रीपर्यंत फक्त दुपारच्या शिफ्टमधल्या दोन जागा उरल्या होत्या. त्या दोघी मुलींनी घेतल्या, ज्यांनी मंगळवारच्या आधी मला ‘हात लावला तर चालेल ना’ असं विचारलं होतं.